ताक्यावरचं कार्ड : पन्हा, वजन, कट आणि आटणं (दुकानातल्या कामाच्या नोंदी)

3 जून

आज एक ताई आल्या, हातात शिवलेला कुर्ता. भांडायला आल्या नव्हत्या, काउंटरवर कुर्ता पसरला आणि स्वतःच्या पर्समधला टेप काढून लावला. शिवून आला तेव्हा लांबी 44 इंच होती, पहिल्या धुण्यानंतर सव्वा एक्केचाळीस. कापड आपलंच, मरून रंगाचं ब्लॉक प्रिंटचं कॅम्ब्रिक, अडीच मीटर, गेल्या महिन्यात दिलेलं. अण्णा (माझे सासरे, कापड पेठेत चाळीस वर्षं कापड मोजतायत) म्हणाले, कॉटन आहे, आटणारच. खरं आहे, पण ताई म्हणाल्या, आटणार ते मला माहितीये हो, किती आटणार ते कुणी सांगितलं का? याला उत्तर नव्हतं. ना माझ्याकडे, ना अण्णांकडे, ना माल देणाऱ्या एजंटकडे, त्याला फोन केला तर म्हणतो मॅडम हे धुऊनच येतं.

तेव्हा ठरवलं. सध्या शेल्फवर सुट्या मीटरच्या कॉटन आणि रेयॉनचे अकरा ताके आहेत, प्रत्येकावर एक कार्ड लावायचं, त्यावर चारच गोष्टी, पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, वजन, किती कट घ्यावा आणि किती आटतं. आणि चारही मी स्वतः मोजलेल्या, चिठ्ठीवर लिहून आलेल्या नाहीत. सुरुवात त्याच मरून ताक्यापासून, अजून नऊ मीटर शिल्लक आहे.

5 जून

पन्हा. चिठ्ठीवर 44 लिहिलंय, सगळ्यांच्याच चिठ्ठीवर 44 असतं. काल रात्री ताक्यातलं चार मीटर कापड उलगडून टेबलावर सैल टाकून ठेवलं, कारण गुंडाळलेलं कापड ताणलेलं असतं आणि उलगडल्या उलगडल्या मोजलं तर फसवतं. सकाळी पाच ठिकाणी आडवं मोजलं. काठापासून काठापर्यंत सरासरी 110.5 सेंटीमीटर, म्हणजे साडेत्रेचाळीस इंच. अर्धा इंच कमी, ठीक आहे, तेवढ्याला कुणी ओरडत नाही.

पण खरी गंमत काठात आहे. दोन्ही काठांना बारीक भोकांची रांग असते, कधी नीट बघितलीये का? कापड शेवटी ज्या मशिनमधून ताणून वाळवतात, त्याला स्टेंटर म्हणतात, त्याच्या पिना दोन्ही बाजूंनी काठात घुसतात, त्याच्या त्या खुणा. ती भोकं, त्याच्या बाहेरचा जाड काठ आणि जिथे ब्लॉक पोचलेलाच नाही ती कोरी पट्टी, हे सगळं सोडून आत जेवढं चांगलं कापड उरतं ते 107.3 सेंटीमीटर, म्हणजे सव्वा बेचाळीस इंच. 44 लिहिलेल्या कापडात कामाचं सव्वा बेचाळीस.

दुपारी आमच्या शिंपी मास्तरांकडे गेले, पावणेदोन इंचानं असा काय फरक पडतो म्हणून विचारायला. त्यांनी खडूनं टेबलावरच काढून दाखवलं. समजा बारीक अंगाची मुलगी आहे, सीटला तयार माप 39, म्हणजे एक पल्ला साडेएकोणीस आणि दोन्ही बाजूंची शिलाई-दुमड मिळून दीड, झाले 21. पुढचा मागचा पल्ला शेजारी शेजारी ठेवला तर 42. कापडाचा पन्हा खरंच 44 असेल तर दोन्ही पल्ले एका लांबीत बसतात आणि बाह्या खाली काढून पावणेदोन मीटरमध्ये कुर्ता होतो. सव्वा बेचाळीसमध्ये काठोकाठ बसतात, आणि धुऊन रुंदी थोडी आटली की बसतच नाहीत, मग पल्ले एकाखाली एक घ्यावे लागतात आणि अडीच मीटर लागतं. म्हणजे पन्ह्यातला पावणेदोन इंच हा लांबीत पाऊण मीटर होऊन बाहेर येतो. मास्तर म्हणाले, म्हणून तर मी गिऱ्हाइकाला सांगतो कापड आधी आणा, मग लांबी विचारा, पण लोक फोनवरच विचारतात किती घेऊ.

कार्डावर दोन पन्हे लिहायचे का एकच, यावर विचार केला. एकच. वापरता येणारा. सेंटीमीटरमध्ये, आणि पेठेत सगळे इंचातच बोलतात म्हणून तोंडी इंच सांगू.

9 जून

वजन. हे मला सगळ्यात सोपं वाटलं होतं. सोनारी काट्यासारखा छोटा डिजिटल काटा आणला, 0.01 ग्रॅम दाखवणारा. पुठ्ठ्याचा 10 बाय 10 सेंटीमीटरचा चौकोन कापून घेतला आणि त्याच्या मापानं कापडाचे पाच तुकडे काढले, पन्ह्यात तिरपे तिरपे सरकत, म्हणजे प्रत्येक तुकड्यात वेगळे उभे धागे आणि वेगळे आडवे धागे येतात. काठाजवळचा एकही नाही, तिथली वीण दाट असते. पाचही मिळून 4.62 ग्रॅम. पाच तुकडे म्हणजे 500 चौरस सेंटीमीटर, एका चौरस मीटरला त्याचे वीस पट, म्हणजे 92.4 ग्रॅम. यालाच जीएसएम म्हणतात, बाकी काही जादू नाही.

मग रेयॉन घेतलं आणि घोळ झाला. एजंट म्हणतो 14 किलोचं रेयॉन आहे, आणि आम्ही आतापर्यंत ऑनलाइन फोटोखाली 140 जीएसएम लिहीत आलोय. माझ्या काट्यावर आलं 126. वाटलं फसवलं आपल्याला. रात्री जेवताना अण्णांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले 14 किलो म्हणजे शंभर मीटरचं वजन, चौरस मीटरचं कुठे. तेव्हा ट्यूब पेटली. शंभर मीटरचे 14 किलो म्हणजे एका धावत्या मीटरचे 140 ग्रॅम, आणि तो एक मीटर लांब तुकडा रुंदीला 1.12 मीटर आहे, तेव्हा 140 भागिले 1.12 म्हणजे 125. माझं 126 बरोबर आणि एजंटचं 14 किलोही बरोबर, चूक आमच्या फोटोखालच्या ओळीची होती. हेच रेयॉन 58 पन्ह्यात आलं तर 14 किलोत ते आणखी पातळ निघेल, सुमारे 95, हे लक्षात ठेवायचं. किलो विचारताना पन्हा विचारल्याशिवाय अर्थ नाही. आजच सगळ्या फोटोंखालचं 140 काढून टाकलं.

आणखी एक, बाहेर पाऊस सुरू झालाय. एका तुकड्यावर इस्त्री फिरवून लगेच काट्यावर ठेवला तर 0.87, अर्धा तास तसाच राहू दिला तर परत 0.92. कॉटन हवेतलं पाणी पितं आणि रेयॉन त्याहून जास्त. लॅबमध्ये म्हणे 65 टक्के आर्द्रता ठेवून वजन करतात, आपल्याकडे ते शक्य नाही, तर निदान सगळे ताके एकाच खोलीत एकाच दिवशी तोलायचे आणि कार्डावर दशांश लिहायचे नाहीत. 92, बास.

12 जून

आटण्याची टेस्ट सुरू. 60 बाय 60 चा तुकडा, कडेपासून पाच सेंटीमीटर आत, पक्क्या पेननं बरोबर 50 सेंटीमीटर अंतराच्या खुणा, उभ्या दिशेनं तीन जोड्या आणि आडव्या दिशेनं तीन. कुठली दिशा उभी ते बाणानं लिहून ठेवलं (आधीच्या एका तुकड्यावर विसरले होते, धुतल्यावर दोन्ही दिशा सारख्याच दिसायला लागल्या, गेला तो तुकडा). कोमट पाण्यात नेहमीची पावडर, अर्धा तास भिजत, हातानं दाबून धुतलं, पिळलं नाही.

दोरीवर चिमटे लावून वाळत घातलं आणि वाळल्यावर मोजलं, लांबीत 50 चे 48.5. म्हणजे फक्त 3 टक्के. मग ताईंचा कुर्ता पावणेतीन इंच कसा गेला?

14 जून

कळलं. ओलं कापड जड असतं, चिमट्याला लटकून स्वतःच्याच वजनानं ताणलं जातं आणि तसंच वाळतं. वर मी इस्त्री पण ओढून फिरवली होती, जशी आपण घरी फिरवतो तशी. तोच तुकडा परत भिजवला, जुन्या चादरीवर सपाट पसरून सावलीत वाळवला, इस्त्री ठेवायची-उचलायची, ओढायची नाही. आता आलं 46.9, 47.0, 46.8. सरासरी 46.9, म्हणजे 3.1 सेंटीमीटर गेलं, 6.2 टक्के. आडव्यात 49.0, 2 टक्के. आणि 44 इंचाचे 6.2 टक्के काढले तर 2.73, कुर्ता बरोब्बर तेवढाच आखडलाय. ताईंचा टेप आणि माझा टेप जुळले.

मग मनात आलं, माणसं तर दोरीवरच वाळत घालतात, मग तीनच टक्के का नाही लिहायचं? पण दोरीवर ताणून वाळलेलं कापड पुढच्या धुण्यात परत आत जातं, आज ना उद्या ते साडेशेहेचाळीसच्या आसपास पोचणारच. शिवलेल्या कपड्याला कुणी सांभाळून ताणत नाही. तेव्हा सपाट वाळवलेलाच आकडा खरा धरायचा.

लांबीत इतकं आणि रुंदीत इतकं कमी का, हे पोराला (दुकानातल्या) समजावताना मलाच नीट समजलं. मागावर उभे धागे ताणलेले असतात, त्यानंतर ब्लीच, रंग, छपाई, वाळवणं, गुंडाळणं, सगळीकडे कापड लांबीच्या दिशेनं ओढूनच पुढे नेतात. पाण्यात पडलं की ताण सुटतो, आणि शिवाय कॉटनचा धागा पाणी पिऊन फुगतो, धागा जाड झाला की त्याच्या वरून-खालून जाणाऱ्या दुसऱ्या धाग्याला वळसा मोठा घ्यावा लागतो, मग लांबी तिथे खर्च होते. म्हणून एजंट म्हणतो ते 'धुऊनच येतं' हे खोटं नाही. ब्लॉक प्रिंट छापल्यावर धुतात, पण धुतल्यावर पुन्हा पन्हा काढायला ताणतात ना, त्या पिनांच्या भोकांनी सांगितलंच की. धुऊन आलंय, पण सैल होऊन आलेलं नाही.

आतापर्यंत धुतलेल्यांमध्ये एकच ताका असा निघाला जो 1 टक्क्याच्या आत आहे, साधं पांढरं शर्टिंग, काठावर सॅनफोराइज्ड छापलेलं. त्यात जाड रबरी पट्ट्यावर कापड मशिनमध्येच लांबीत दाबून आखडवून घेतात, म्हणजे घरी आखडायला काही उरत नाही.

19 जून

मधले दिवस नुसतं धुणं आणि वाळवणं. पाऊस, सपाट वाळायला दोन दोन दिवस, घरातल्या सगळ्या चादरींवर कापडाचे तुकडे, नवरा म्हणतो झोपायचं कुठे.

मरून कॅम्ब्रिक दुसऱ्या धुण्याला 46.7, तिसऱ्याला 46.6. म्हणजे पहिल्याच धुण्यात जवळपास सगळं आटून घेतं, मग थांबतं. रेयॉनचं तसं नाही. पहिल्याला 47.5, दुसऱ्याला 46.6, तिसऱ्याला 46.1. पाच टक्क्यांपासून जवळजवळ आठपर्यंत गेलं. म्हणजे 'एकदा भिजवून शिवा' हा जो सल्ला आपण सगळ्यांना देतो तो कॅम्ब्रिकला पुरतो, रेयॉनला पुरत नाही. कार्डावरचा आकडा सगळ्यांचा तिसऱ्या धुण्यानंतरचाच.

धुतलेल्या कॅम्ब्रिकचं वजनही परत केलं, 95. आधी 92 होतं, आटल्यामुळे वाढलं असं वाटेल, पण हिशोब केला तर नुसत्या आटण्यानं ते 100 च्या वर जायला हवं होतं. मधले पाचेक ग्रॅम म्हणजे धुण्यात निघून गेलेली खळ. एवढी चालते. एक निळा ताका मात्र 96 वरून धुतल्यावर 86 वर आला, आटूनसुद्धा. हाताला कडक, भारी लागायचा, सगळी खळच होती ती, आता जाळीसारखा दिसतो. तो परत पाठवतेय.

22 जून

कट. म्हणजे गिऱ्हाइकाला सांगायचं किती घ्या, आणि सांगितलं तेवढं खरंच द्यायचं.

आधी दुसरी गोष्ट. पोरानं दिवसभर कापलेल्या अडीच मीटरच्या पाच तुकड्यांना रात्रभर सैल ठेवून सकाळी मोजलं. 2.47, 2.46, 2.48, 2.47, 2.45. तो चोरी करत नाही, मीटरपट्टीवर कापड ओढून धरतो एवढंच, सगळे तसंच धरतात. दांडी शिक्क्याची आहे, वैध मापनवाले दर दोन वर्षांनी तपासतात, दांडी चुकत नाही हात चुकतो. आता नियम, कापड टेबलावर सोडायचं आणि दांडी कापडावर ठेवायची. (माझा शिवणाचा टेप दांडीशी लावून बघितला तर मीटरमागे एक सेंटीमीटर लांबलेला. फेकला. बरं झालं टेस्टला स्टीलची पट्टी वापरली होती.)

दुसरं, तिरपा कट. 2.45 वाला तुकडा एका काठाला 2.50 आणि दुसऱ्याला 2.45 होता. शिंप्याला आखूड बाजूच कामाची. आडवी एक तार ओढून काढली की सरळ रेघ दिसते, तिच्यावर कापायचं. फाडलं तरी कॉटन सरळ फाटतं, पण ब्लॉक प्रिंटची ओळ आडव्या धाग्याला धरून नसेल तर फाडलेल्या कडेला डिझाइन उतरताना दिसतं आणि गिऱ्हाईक म्हणतं वाकडं कापलं.

आता पहिली गोष्ट, ताईंचाच कुर्ता. लांबी 44, खालची दुमड आणि खांद्याची शिलाई मिळून 3, एक पल्ला 47, दोन पल्ले एकाखाली एक 94 इंच, म्हणजे 239 सेंटीमीटर. बाह्या बाजूच्या उरलेल्या पट्टीतून निघतात. अडीच मीटर घेतलं तर 11 सेंटीमीटर शिल्लक दिसतं, म्हणून सगळे अडीच सांगतात. पण 250 मधून धुतल्यावर 6.2 टक्के गेले की उरतात 234.5. कमीच पडतं! ताईंनी आधी भिजवून शिवलं असतं तरी 44 चा कुर्ता होत नव्हता, आणि त्यांना मिळालं होतं तेही बहुतेक 2.47 च.

हवं ते 239 भागिले 0.938 करायचं, 254.8 येतं. अण्णा म्हणाले भागाकार कशाला, 239 चे 6.2 टक्के काढून वर घाल. घालून बघितलं, 253.8. भागाकारच बरोबर आहे, कारण टक्के घेतलेल्या लांबीचे जातात, हव्या असलेल्या लांबीचे नाही. अण्णा म्हणे एका सेंटीमीटरसाठी एवढं? एका कुर्त्याला एक सेंटीमीटर, ठीक आहे, सोडलं. वर कटासाठी पाचेक सेंटीमीटर धरून कार्डावर लिहिलं 2.60.

23 जून

खण मध्येच आला म्हणून नोंद. खणाचे कुर्ते शिवायची फॅशन आहे, पण गुळेदगुड्डचा हातमागाचा खण पन्ह्याला 31-32 इंच. 24 इंच रुंद पल्ला काढला की बाजूला 7 इंच उरतात, त्यात बाही बसत नाही, ती खाली वेगळी काढावी लागते. 94 इंच आणि कोपरापर्यंतच्या बाहीचे 13, म्हणजे 107 इंच, 2.72 मीटर, तेही आटणं न धरता. त्याची धुण्याची टेस्ट मी केलेली नाही, रंग सुटायची भीती वाटते, म्हणून त्याच्या कार्डावर फक्त पन्हा आणि कट, खाली 'ड्रायक्लीन करा'.

27 जून

मरून ताक्याचं कार्ड लागलं. 'कामाचा पन्हा 107 सेमी. वजन 92 ग्रॅम चौरस मीटरला, धुण्याआधी. तीन धुण्यांनंतर लांबीत 7 टक्क्यांपर्यंत, रुंदीत 2 टक्के आटतं. 44 लांबीच्या कुर्त्याला 2.60 घ्या, भिजवून मग शिवा.' अण्णा तिथेच उभे होते, म्हणाले आटतं असं लिहून कुणी कापड विकतं का. दुपारी एक बाई वाचून ठेवून गेल्या, शेजारी अडीचमध्ये होतं म्हणाल्या. 180 नं मीटर, दहा सेंटीमीटरचे 18 रुपये जास्त. संध्याकाळी दुसऱ्या एकीनं कार्डाचा फोटो काढला, मास्तरांना पाठवला आणि 2.60 घेतलं. अण्णा काही बोलले नाहीत.

8 जुलै

त्याच मरूनचा नवा ताका आला. तेच डिझाइन, तोच एजंट, तीच चिठ्ठी 44. मी जुनंच कार्ड लावणार होते, सहज एक तुकडा धुतला, लांबीत 4 टक्के, आणि पन्हा 109. या खेपेला कमी ताणलं असणार. म्हणजे कार्ड डिझाइनचं नाही, ताक्याचं. प्रत्येक नव्या ताक्यातला 60 सेंटीमीटर माझा, हा खर्च आता खरेदीतच धरायचा. कार्डावर ताक्याचा नंबर आणि तारीख वाढवली.

16 जुलै

ताईंना जुन्या मरून ताक्यातलं 2.60 बदली दिलं होतं, त्यांनी रात्रभर भिजवून मास्तरांकडे दिलं. भिजवून वाळवलेलं मास्तरांनी मोजलं तर 2.44. शिवून, धुऊन परवा दाखवायला आल्या, 43 आणि तीन चतुर्थांश. पाव इंच कुठे गेला ते बघतेय, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यातलं उरलेलं आटणं.

रेयॉनचे दोन ताके राहिलेत, पाऊस उघडला की.